चुकून गेलेली पीएफची फाइल आणि स्टाफला लिहायचा मेल

प्रश्न: भोसरीत आमची पगारपत्रकाचं काम करणारी छोटी कंपनी आहे, ४६ माणसं. ९ कारखान्यांच्या १,८६० कामगारांचा पगार आणि पीएफ आम्ही बघतो. गेल्या बुधवारी सकाळी ११:४० ला आमच्याकडच्या एका मुलीने पीएफच्या गोषवाऱ्याची एक्सेल फाइल नऊही कारखान्यांच्या एचआरला, एकूण १४ पत्त्यांवर, एकाच मेलने पाठवली. दुपारी ४:२० ला एका एचआरचा फोन आला की बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की सगळ्या कारखान्यांच्या कामगारांची नावं, यूएएन, आधार, बँक खातं, पगार, सगळं उघडतं. सायबर घटना जिथे कळवायच्या त्या सरकारी सर्ट-इनला त्याच रात्री कळवलं, ग्राहकांनाही कळवलंय. आता साहेब म्हणतात, सगळ्या स्टाफला कडक मेल लिही, त्यात तिचं नाव घाल म्हणजे बाकीचे शिकतील, आणि सगळ्यांना परत ट्रेनिंग लाव. हा मेल कसा लिहू?

उत्तर:

मेल उघडण्याआधी एक वाक्य लिहून काढा: माहिती नेमकी कोणत्या वाटेने बाहेर गेली. ‘चुकीची फाइल गेली’ हे ते वाक्य नव्हे. तुमच्या वर्णनावरून फाइल बरोबरच होती, तिच्या पोटात जे होतं ते कोणाला दिसलं नाही. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीतून बेरजांचा गोषवारा काढणारा तक्ता, केलं की मूळ नोंदींची एक प्रत त्याच फाइलमध्ये साठवली जाते. मूळ शीट लपवा किंवा पूर्ण डिलीट करा, ती साठवण जात नाही. म्हणूनच एकूण बेरजेवर डबल क्लिक करताच एक्सेल नवी शीट उघडून १,८६० ओळी समोर मांडतं. त्या मुलीने मास्टर शीट काढून टाकली असेल आणि आपण काळजी घेतली असंच तिला वाटलं असेल. हे खरं असेल तर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मेलमध्ये येता कामा नये, कारण तुमच्याकडच्या बहुतेकांनी हेच केलं असतं.

खात्री करून घ्यायला सोपा मार्ग आहे. पाठवलेल्या फाइलची प्रत घ्या, तिचं `.xlsx` हे शेपूट बदलून `.zip` करा आणि उघडा. आत `xl/pivotCache` नावाचा फोल्डर आणि त्यात `pivotCacheRecords1.xml` अशी फाइल दिसली, तर माहिती तिथूनच गेली. ती नसेल आणि शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून `Unhide` दाबल्यावर मास्टर शीट वर आली, तर गोष्ट वेगळी आहे आणि मेलही वेगळा होईल. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाकडून ऑगस्ट २०२३ मध्ये माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तराबरोबर अशीच लपलेली शीट बाहेर गेली आणि ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची माहिती उघडी पडली. तिथल्या माहिती आयुक्तांनी पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड केला. साहेबांना हे उदाहरण जरूर सांगा. ‘आपल्याकडचीच पोरं अशी’ हा समज त्याने थोडा उतरतो.

आता नावाचा प्रश्न. घालू नका, आणि साहेबांना दयेचं कारण देऊ नका, कामाचं द्या. नाव आलं की वाचणारा सुटतो: चूक तिची होती, मी तिच्यासारखा नाही, पुढचा परिच्छेद वाचायची गरज नाही. ४६ जणांच्या ऑफिसात कोण ते सगळ्यांना ठाऊकच असतं, त्यामुळे नावाने नवी माहिती काहीच मिळत नाही. मिळतो तो फक्त इशारा, की चूक सांगितली तर भिंतीवर नाव लागतं. पुढची चूक मग तुम्हाला बाहेरून, ग्राहकाच्या फोनवरून कळेल, जशी ही कळली. दुसरं कारण रुक्ष आहे पण साहेबांना पटेल. उद्या तिच्यावर कारवाई करायची झालीच, तर आधी लेखी खुलासा मागावा लागतो, तिचं म्हणणं ऐकावं लागतं. चौकशीआधीच सगळ्या कंपनीला ‘दोषी अमुक’ असा मेल गेलेला असेल, तर ती चौकशी नावापुरती होती हे सिद्ध करायला तो एक मेल पुरेल. तिच्याशी जे बोलायचं ते बंद खोलीत, वेगळ्या कागदावर.

हा मेल ऑफिसबाहेर जाणार हे धरूनच लिहा. कोणीतरी तो व्हॉट्सॲपवर टाकणार आणि संध्याकाळपर्यंत नऊपैकी एका तरी एचआरच्या हातात तो असणार. म्हणून ग्राहकांना दिलेले आकडे आणि इथले आकडे एकच हवेत. तिकडे १४ पत्ते आणि इकडे ‘काही ग्राहक’ असं लिहिलंत तर तुम्ही लपवताय असं दिसेल. त्याच कारणाने कायद्याचे निष्कर्ष लिहू नका. ‘कायद्याचा भंग झाला’ हे ठरवणं तुमचं काम नाही. काय गेलं, कधी गेलं, कोणाकडे गेलं, हे मात्र नि:संकोच लिहा.

मी तो मेल साधारण असा लिहीन. कंसातले आकडे तुमचे भरा.

> विषय: बुधवारी बाहेर गेलेली पीएफची फाइल आणि सोमवारपासूनचे बदल
>
> नमस्कार,
>
> बुधवारी सकाळी ११:४० वाजता आपल्याकडून पीएफच्या गोषवाऱ्याची एक एक्सेल फाइल ९ ग्राहकांच्या १४ पत्त्यांवर गेली. वरवर तिच्यात फक्त बेरजा होत्या. पण पिव्होट टेबलमुळे मूळ नोंदी आत साठून राहिल्या होत्या, आणि बेरजेवर डबल क्लिक केल्यावर १,८६० कामगारांची नावं, यूएएन, आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि पगार दिसत होता. म्हणजे एका कारखान्याच्या एचआरला बाकीच्या आठ कारखान्यांच्या कामगारांची माहिती दिसू शकत होती.
>
> आपल्याला हे दुपारी ४:२० वाजता ग्राहकाच्या फोनवरून कळलं. त्याच रात्री सर्ट-इनला आणि सर्व ग्राहकांना कळवलं आहे. १४ पैकी (  ) जणांनी फाइल काढून टाकल्याचं आणि पुढे कोणाला न पाठवल्याचं लेखी दिलं आहे. उरलेल्यांचा पाठपुरावा चालू आहे.
>
> हे का झालं: सगळ्या ग्राहकांची माहिती एकाच मास्टर फाइलमध्ये ठेवायची पद्धत कंपनीची होती. आधार क्रमांक त्या फाइलमध्ये असण्याची गरज नव्हती. बाहेर जाणारी फाइल कशी तपासायची, हे आपण कोणालाही कधी शिकवलं नव्हतं. या तिन्हीची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे.
>
> आत्ता प्रत्येकाने करायचं: ही फाइल तुमच्या मेलमध्ये, डाउनलोडमध्ये, पेनड्राइव्हवर किंवा फोनमध्ये असेल तर ती उघडू नका, पाठवू नका आणि स्वतः डिलीटही करू नका. आज संध्याकाळी ५ पर्यंत आयटीला सांगा, ते नोंद करून काढतील. ‘माझ्याकडे नाही’ असेल तर तेही एका ओळीत कळवा.
>
> एखाद्या कामगाराचा किंवा कारखान्याचा फोन आला तर उत्तर देऊ नका, (  ) या क्रमांकावर जोडून द्या. पीएफची केवायसी करायची आहे असं सांगून कोणी ओटीपी मागतंय, असं कामगाराने सांगितलं तर एवढंच सांगा: ईपीएफओ फोनवर ओटीपी, आधार किंवा खाते क्रमांक मागत नाही, देऊ नका.
>
> सोमवारपासून:
> १. कामगारांची माहिती असलेली एक्सेल फाइल कंपनीबाहेर जाणार नाही. गोषवारा पीडीएफमध्ये जाईल. ग्राहकाला एक्सेलच हवी असेल तर ती नव्या कोऱ्या फाइलमध्ये फक्त आकडे चिकटवून केलेली असेल.
> २. एका मेलवर एकच ग्राहक.
> ३. चुकीचा मेल गेला असं वाटलं तर १५ मिनिटांच्या आत (  ) यांना फोन. मेल नको, फोन. खात्री नसली तरी फोन.
>
> चूक झाली आणि ती लगेच सांगितली, तर त्या चुकीबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. चूक कळूनही दडवली, किंवा ठरलेला नियम माहीत असून जाणूनबुजून डावलला, तर होईल.
>
> बाहेर फाइल पाठवणाऱ्या सर्वांचं ४० मिनिटांचं प्रत्यक्ष सराव सत्र पुढच्या आठवड्यात आहे. वेळ तुमच्या प्रमुखांकडून कळेल. सत्र होईपर्यंत बाहेर जाणारी प्रत्येक फाइल (  ) किंवा (  ) यांच्याकडून जाईल.
>
> या प्रकाराबद्दल आपसात कोणाकडे बोट दाखवू नये. प्रश्न असतील तर थेट माझ्याकडे या.
>
> (संचालकांची सही)

सही साहेबांचीच हवी, तुमची नको. व्यवस्थापनाने जबाबदारी घेतल्याचं वाक्य तुमच्या सहीने आलं तर लोक हसतील. साहेब त्या परिच्छेदावर अडतील, हेही धरून चला. त्यांना विचारा: मास्टर फाइल एकत्र ठेवायचं कोणी ठरवलं? प्रत्येक ग्राहकाची फाइल वेगळी असती तर तीच मुलगी, तीच चूक, पण बाहेर गेले असते एका कारखान्याचे कामगार, तेही त्याच कारखान्याच्या एचआरकडे. म्हणजे जवळजवळ काहीच झालं नसतं. तिच्या चुकीने फाइल गेली हे खरं, पण ९ कारखाने एकदम उघडे पडले ते तुमच्या पद्धतीने.

‘स्वतः डिलीट करू नका’ हे वाक्य अनेकांना उलटं वाटतं. घाबरलेला माणूस आधी सेंट आयटम साफ करतो, आणि मग फाइल नक्की कोणती होती, किती वाजता गेली, कोणाला गेली, हे सांगायला कागद उरत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यांनी पुढे प्रश्न विचारले तर उत्तर त्या मेलच्या मूळ प्रतीतूनच द्यायचं आहे. एक प्रत आयटीने पासवर्ड लावून बंद ठेवायची, बाकी सगळ्या नोंद करून काढायच्या.

कामगारांशी स्टाफने बोलू नये, यालाही कारण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीचा खरा जबाबदार म्हणजे कारखाना. तुम्ही त्याच्या वतीने प्रक्रिया करणारे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होतात. तेव्हा बाधित कामगाराला साध्या भाषेत कळवणं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणं हे कारखान्याचं काम असेल, आणि त्यासाठी तो तुमच्याकडेच माहिती मागेल. तुमच्या ग्राहक-करारांत मात्र कळवण्याची मुदत आजच लिहिलेली असू शकते. ती कलमं या आठवड्यात वाचून घ्या. तुमच्या टेबलावरचा कोणी कामगाराला ‘काही नाही हो, फक्त नावं गेली’ असं बोलला, आणि कारखान्याने नोटिशीत ‘आधार आणि खाते क्रमांक’ असं लिहिलं, तर दोघांचीही पंचाईत.

कारवाई न होण्याच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. ते मोघम ठेवलंत, ‘चुकांकडे सहानुभूतीने पाहिलं जाईल’ वगैरे, तर कोणी विश्वास ठेवणार नाही. सरसकट माफी दिलीत तर उद्या कोणी जाणूनबुजून यादी विकली तरी हात बांधलेले राहतील. म्हणून दोन्ही टोकं लिहायची: लगेच सांगितलेली चूक सुरक्षित, दडवणं आणि जाणूनबुजून डावलणं नाही. आणि ते पाळा. वार्षिक आढाव्यात या घटनेवरून तिचा पगारवाढीचा टक्का कापला, तर कागदावर कारवाई झाली नसली तरी ऑफिसला निकाल कळतो. साहेबांनी हे वाक्य सही करण्यापूर्वी पाळायची तयारी आहे का ते ठरवावं. नसेल तर वाक्य काढा, खोटं वचन न दिलेलं बरं.

१५ मिनिटांचा आकडा हवेतला नाही. जीमेलचं `Undo Send` जास्तीत जास्त ३० सेकंद चालतं. आउटलुकची परत बोलावण्याची सोय आपल्याच संस्थेच्या पत्त्यांपुरती असते, बाहेर गेलेला मेल ती परत आणत नाही. त्यामुळे ३० सेकंदांनंतर हातात एकच उपाय उरतो: समोरच्याला फोन करून ‘उघडू नका’ म्हणायचं. पहिल्या पाव तासात बऱ्याच जणांनी मेल उघडलेलाच नसतो. तुमच्याकडे ११:४० ते ४:२० असे ४ तास ४० मिनिटं गेली, तेवढ्यात कोणी फाइल पुढे पाठवली असेल का, हा प्रश्न आता कायमचा राहणार. म्हणूनच ग्राहकांकडून ‘डिलीट केली’ एवढंच घेऊन थांबू नका. तीन गोष्टी लेखी घ्या: मेलमधून आणि कचऱ्यातून काढली, संगणकावर किंवा फोनवर उतरवलेली प्रत काढली, आणि पुढे पाठवली होती की नाही, असल्यास कोणाला. रजेवर असलेल्याचा मेलबॉक्स त्यांच्या आयटीकडून साफ करून घ्या, तो परत येईपर्यंत वाट बघू नका.

आता ट्रेनिंग. ‘सगळ्यांना परत ट्रेनिंग’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा होतो की ४६ जण दीड तास बसून फिशिंग आणि मजबूत पासवर्डच्या स्लाइड बघतात, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी होते, सगळे पास. यातलं एकही वाक्य बुधवारची फाइल थांबवू शकलं नसतं. तुमच्याकडे बाहेर फाइल पाठवणारे मोजा. वीसच्या आत असतील. आधी तेवढेच घ्या, आठ-आठच्या तुकडीत, प्रत्येकाच्या समोर स्वतःचा संगणक.

सरावासाठी बनावट २०० नावांची एक फाइल तयार करा. त्यात मुद्दाम पाच जागी माहिती लपवा: एक लपवलेली शीट, फिल्टर लावून दडलेल्या ओळी, एक लपवलेला कॉलम, एका सेलवरची टिप्पणी आणि एक पिव्होट टेबल ज्याची मूळ शीट डिलीट केली आहे. खरी माहिती कृपा करून वापरू नका. गळतीच्या ट्रेनिंगसाठी खरी पगारपत्रकं वाटलेली मंडळीही असतात. पहिली दहा मिनिटं काही न शिकवता सांगा, ‘ही फाइल ग्राहकाला पाठवायची आहे, तयार करा.’ मग ज्याने त्याने आपली फाइल शेजाऱ्याला द्यायची आणि शेजाऱ्याने आतलं शोधायचं. पहिल्या फेरीत पिव्होटमधली माहिती जवळजवळ सगळ्यांच्या फाइलमध्ये सापडेल. ती सापडल्यावर खोलीत जी शांतता होते, तिच्यापुढे स्लाइडची गरज पडत नाही.

मग साफ फाइल करायची रीत शिकवा. हवा तो भाग निवडून कॉपी करायचा, नवी कोरी फाइल उघडायची आणि `Paste Special` मधून फक्त `Values` चिकटवायचे. साधं पेस्ट केलं तर पिव्होट आपल्या साठवणीसकट नव्या फाइलमध्ये येतं, आणि शीट `Move or Copy` ने हलवली तरी तेच होतं. हा सगळ्यात फसवा टप्पा आहे, कारण माणूस ‘मी तर नवीन फाइल केली’ असं प्रामाणिकपणे सांगतो. त्यानंतर `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवायचं. लपलेल्या शीट, ओळी, टिप्पण्या त्यात कळतात, पण सगळं काम त्याच्यावर सोडू नका; शेवटी नवी फाइल बंद करून परत उघडायची आणि बेरजेवर डबल क्लिक करून बघायचं. सेल नुसता लिहायच्या अवस्थेत गेला तर ठीक, नवी शीट उघडली तर फाइल थांबवायची. हे सगळं जमलं की ९० सेकंदांचं काम आहे.

फाइलला पासवर्ड लावूया, अशी सूचना हमखास येईल. पासवर्ड वाटेत उघडणाऱ्यापासून वाचवतो. बुधवारी फाइल ज्यांना गेली ते हक्काचे ग्राहक होते, पासवर्ड तुम्हीच त्यांना दिला असता. या चुकीवर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, हे सत्रातच स्पष्ट बोला.

सत्राची शेवटची दहा मिनिटं फोनच्या सरावाला ठेवा. प्रत्येकाने एकदा खरोखर फोन उचलून सांगायचं: कोणती फाइल, किती वाजता, कोणाला, आत काय असू शकतं. चारच गोष्टी. घाबरलेला माणूस पहिली पाच मिनिटं ‘माझ्याकडून असं कसं झालं’ हे सांगण्यात घालवतो, आणि ऐकणाराही तेच विचारत बसतो. ऐकणाऱ्यालाही शिकवा की त्या फोनवर ‘का’ विचारायचं नाही.

पास कोण? ज्याच्या दुसऱ्या फाइलमध्ये शेजाऱ्याला काही सापडलं नाही तो. ज्याच्या फाइलमध्ये सापडलं त्याने दुसऱ्या दिवशी परत करायचं, आणि तोपर्यंत त्याची फाइल दुसऱ्याने पाठवायची. तीन आठवड्यांनी न सांगता प्रत्येकाची बाहेर गेलेली एक फाइल उचलून तपासा. हात लवकर जुन्या वळणावर जातो. विशेषतः महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास, पीएफ भरायची शेवटची तारीख डोक्यावर असताना.

ती मुलगी यात कुठे बसते? नेहमीच्या तुकडीत, बाकीच्यांसारखी. तिला उभं करून अनुभव सांगायला लावू नका, आणि ‘आता तीच सगळ्यांना शिकवेल’ ही शिक्षाही देऊ नका. पण तिच्याशी एकटीने अर्धा तास बोला आणि विचारा की नऊ ग्राहकांना एकच मेल का केला. बहुधा कळेल की नऊ वेगळे मेल करायला वेळ नव्हता, किंवा आधीपासून सगळे तसंच करत आले होते. ते उत्तर नियम क्रमांक २ टिकेल की नाही, हे ठरवेल. नऊ मेलांना लागणारी ४० मिनिटं कोणाच्या वेळापत्रकातून येणार, हे तुम्ही ठरवलं नाहीत तर दोन महिन्यांत परत एकच मेल जायला लागेल.

साहेब कदाचित म्हणतील, प्रत्येक फाइल दोघांनी बघूनच जाऊ दे. सत्र होईपर्यंतच्या आठवड्यापुरतं मी ते मेलमध्ये घातलं आहे, कायमचं मुद्दाम घातलेलं नाही. दुसऱ्याने बघण्याची सही पहिले पंधरा दिवस खरी असते. मग ‘तिने बघितलंच असेल’ आणि ‘तो बघेलच’ अशा दोन भरवशांमध्ये फाइल निघून जाते. दोघांनी बघायचंच असेल तर दुसऱ्याला एक ठरावीक कृती द्या, बेरजेवर डबल क्लिक आणि `Unhide`, आणि फक्त शंभरपेक्षा जास्त कामगारांच्या फाइललाच लावा. त्यापेक्षा आउटलुकमध्ये बाहेर जाणारा मेल १० मिनिटं थांबवून ठेवायचा नियम, `defer delivery by a number of minutes`, जास्त काम करतो. पाठवल्यानंतर जो ‘अरे!’ आठवतो, तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच आठवतो.

मास्टर फाइल नऊ तुकड्यांत फोडणं आणि तिच्यातून आधारचा कॉलम काढणं, किंवा फक्त शेवटचे चार आकडे ठेवणं, हे काम मेल जाण्याआधी निदान सुरू झालेलं असू द्या. ‘जबाबदारी व्यवस्थापनाची’ असं सोमवारी वाचून मंगळवारी स्टाफने तीच जुनी फाइल उघडली, तर बाकीचा मेल कोणी मनावर घेणार नाही.

पुढचा महिना एक वही ठेवा: ‘चुकीचा मेल गेला असं वाटलं’ म्हणून किती फोन आले, आणि त्यातले किती खरे निघाले. पाच-सहा फोन आले आणि त्यातले चार खोटे निघाले, तर उत्तम चाललंय. एकही आला नाही, तर साहेब म्हणतील सगळे सुधारले. तेव्हा बाहेर गेलेल्या दहा फाइल स्वतः उचला आणि बेरजेवर डबल क्लिक करून बघा.